‘नो रिफंड’ लिहिलंय म्हणजे विषय संपला? कोर्स सोडताना पैसे परत कसे आणि किती मागायचे



९९ रुपयांचा वेबिनार, तीन तासांचं जोशपूर्ण भाषण, शेवटी ‘आज रात्री १२ पर्यंतच ही किंमत’, आणि मग ५०-६० हजारांचा बिझनेस कोचिंग प्रोग्राम. हा रस्ता आता तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. पैसे भरून दोन-तीन आठवडे झाले की काहींच्या लक्षात येतं, की सांगितलं होतं ते हे नाही. मग सपोर्ट टीमला मेसेज जातो आणि पाच मिनिटांत उत्तर येतं: ‘सर, आमची नो रिफंड पॉलिसी आहे. तुम्ही टर्म्स अ‍ॅक्सेप्ट केल्या आहेत.’

बहुतेक जण इथेच गप्प बसतात. माझं मत स्पष्ट सांगतो. ‘नो रिफंड’ हा विकणाऱ्याने लिहिलेला नियम आहे, तो देशाचा कायदा नाही. पण त्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे: ‘माझं मन बदललं’ एवढ्या कारणावर पैसे परत मिळण्याचा सरसकट हक्क आपल्याकडे नाही. तुमची सगळी केस या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत असते. मी स्वतः प्रशिक्षण विकतो, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू मला दिसतात. म्हणून आज हा विषय नीट उलगडतो.

आधी ठरवा: मन बदललं, की कबूल केलेलं मिळालं नाही?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘सेवेतील त्रुटी’ अशी एक कल्पना आहे. जी सेवा देण्याचं कबूल केलं, तिच्या दर्जात, प्रमाणात किंवा पद्धतीत कमतरता राहिली तर ती त्रुटी. याच कायद्यात ‘अनुचित व्यापार प्रथा’ या व्याख्येत असंही म्हटलंय, की त्रुटी असलेली सेवा बंद करून पैसे परत द्यायला नकार देणं हीसुद्धा अनुचित प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांतही तोच सूर आहे: जाहिरातीत सांगितलेले गुण सेवेत नसतील तर विक्रेत्याला रिफंड नाकारता येत नाही.

म्हणजे ‘नो रिफंड’ ही पाटी त्रुटी झाकायला वापरता येत नाही. पण त्रुटी आहे हे दाखवायचं काम तुमचं. ‘मजा नाही आली’, ‘कोच उर्मट वाटला’, ‘मला वेळ मिळत नाही’ ही कारणं कमकुवत आहेत. ‘महिन्याला दोन वन-टू-वन कॉल कबूल केले होते, तीन आठवड्यांत एकही झाला नाही’ हे कारण मजबूत आहे. पहिलं तुमचं मत आहे, दुसरं मोजता येतं.

आणि खरं सांगतो, सगळे व्हिडिओ बघून, टेम्प्लेट्स उतरवून, बारा आठवडे संपल्यावर ‘माझा सेल वाढला नाही, पैसे परत द्या’ म्हणणाऱ्याच्या बाजूने मी उभा राहणार नाही. शिकवणारा शिकवतो, धंदा तुम्ही करायचा असतो. अपवाद एकच: त्याने ठरावीक कमाईची हमी दिली असेल आणि ती तुमच्याकडे लेखी किंवा रेकॉर्डिंगमध्ये असेल.

एक उदाहरण, पूर्ण हिशेबासकट

समजा, सांगलीची एक ताई घरगुती मसाले करते. तिने ‘ऑनलाइन सेल’चा १२ आठवड्यांचा प्रोग्राम घेतला. फी ५०,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ९,०००, एकूण ५९,००० रुपये. ९,००० तिने यूपीआयने भरले. उरलेल्या ५०,००० साठी सेल्सवाल्याने फोनवरच ‘नो कॉस्ट ईएमआय’ करून दिला, दहा महिने, दरमहा ५,०००.

विक्रीच्या पेजवर चार गोष्टी लिहिल्या होत्या: ३० जणांची बॅच, दर आठवड्याला कोचचा स्वतःचा लाइव्ह क्लास, महिन्याला दोन वन-टू-वन कॉल, आणि मार्केटप्लेसवर लिस्टिंग करून देण्याची मदत. तीन आठवडे झाले. ग्रुपमध्ये ४०० जण आहेत. तीनपैकी दोन क्लास असिस्टंटने घेतले. वन-टू-वनची तारीख दोनदा पुढे ढकलली. लिस्टिंगची मदत म्हणजे एक पीडीएफ.

आता तिने मागायचं किती? इथे बहुतेक जण चुकतात. रागाच्या भरात ‘सगळे ५९,००० परत द्या, वर मानसिक त्रासाचे दोन लाख’ असं लिहितात. समोरचा ते हसून बाजूला ठेवतो. माझा सल्ला असा, की मागणी अशी करा की तिऱ्हाईत माणसाला वाचताक्षणी ती रास्त वाटली पाहिजे. १२ आठवड्यांतले ३ वापरले, ९ उरले. ५९,००० चे बारा भाग केले तर तीन आठवड्यांचे १४,७५० होतात. उरलेले ४४,२५० परत मागायचे. जीएसटी याच आकड्यात आला, कारण जी सेवा दिलीच नाही तिच्यावरचा करही ग्राहकाने सोसायचं कारण नाही. विक्रेता क्रेडिट नोट काढून तो आपल्या हिशेबात वळता करू शकतो. ‘जीएसटी सरकारला भरला, तो परत येत नाही’ हे उत्तर चालू आर्थिक वर्षाच्या व्यवहारात तरी ऐकून घेऊ नका.

खरं तर त्या तीन आठवड्यांतही सेवा पूर्ण मिळाली नव्हती, त्यामुळे जास्त मागता येईल. ती गोष्ट तक्रार पुढे गेली तर राखून ठेवा. पहिल्या पत्रात ‘वापरलं त्याचे पैसे ठेवा, उरलेलं द्या’ ही भूमिका सगळ्यात भक्कम असते.

मेल पाठवण्याआधी तीन कामं, त्याच दिवशी

पहिलं काम, पुरावा. रिफंडचा विषय काढला की विक्रीचं पेज बदलतं, ग्रुपमधून नाव निघतं, लॉगिन बंद होतं. म्हणून आधी शांतपणे सगळं जमा करा. विक्रीचं पेज पीडीएफ म्हणून सेव्ह करा, तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या. जाहिरात, वेबिनारची लिंक, सेल्सवाल्याचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, ग्रुपमधली सदस्यसंख्या, पुढे ढकललेल्या कॉलचे मेसेज, सगळं. आणि मग कोर्सचे पुढचे धडे उघडणं थांबवा. का? कारण कोर्स चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येकाची नोंद असते: किती टक्के बघितलं, शेवटचं लॉगिन कधी. ‘मला कोर्स नको’ म्हणून मेल केल्यावर तुम्ही आणखी आठ धडे बघितलेत, तर ती नोंद सगळ्यात आधी तुमच्याच तोंडावर येईल.

दुसरं काम, समोरचा नक्की कोण आहे ते शोधा. इन्स्टाग्रामवरचं नाव म्हणजे फर्म नव्हे. इनव्हॉइस उघडा, त्यावर कायदेशीर नाव, पत्ता आणि जीएसटी क्रमांक असतो. तो क्रमांक जीएसटी पोर्टलवर टाकून नाव तपासा. इनव्हॉइस मिळालंच नसेल तर आधी ते मागा. जीएसटी घेतला आणि इनव्हॉइस दिलं नाही, ही त्याच्यासाठीच अडचणीची गोष्ट आहे.

तिसरं काम, पैसे कुठल्या वाटेने गेले ते बघा. आणि हा मुद्दा सविस्तर सांगायला हवा, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं.

‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हणजे तुमच्या नावावरचं कर्ज

ताईला वाटतं, की ती कोचला हप्ते देतेय. तसं नाहीये. एका एनबीएफसीने तिच्या नावावर कर्ज काढून कोचला रक्कम आधीच दिली आहे. हप्ते ती त्या एनबीएफसीला देतेय. कोचशी भांडण झालं म्हणून तिने हप्ता थांबवला, तर कोचचं काहीही बिघडत नाही. दंड तिला, वसुलीचे फोन तिला, क्रेडिट स्कोअर तिचा. पुढे मुद्रा लोन किंवा मशीनसाठी कर्ज मागायला गेल्यावर बँकेच्या मॅनेजरला तो थकलेला हप्ता दिसतो. म्हणून कितीही राग आला तरी हप्ता थांबवू नका.

त्याऐवजी दोन गोष्टी करा. कर्ज अगदी ताजं असेल तर कर्जाचं ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ उघडून त्यातला कूलिंग-ऑफ काळ बघा. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल लेंडिंगच्या नियमांप्रमाणे हा काळ किमान एक दिवसाचा तरी द्यावाच लागतो. त्यात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च भरून दंडाशिवाय कर्जातून बाहेर पडता येतं. लक्षात घ्या, तेव्हा मुद्दल तुम्हालाच भरावी लागते, त्यामुळे कोचला कॅन्सलेशन त्याच दिवशी कळवावं लागतं.

तो काळ उलटला असेल, तर एनबीएफसीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा, की ज्या सेवेसाठी कर्ज दिलं ती मिळत नाही, विक्रेत्याकडे कॅन्सलेशन मागितलंय. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. कर्ज तुमच्या नकळत काढलं असेल, ‘फक्त ओटीपी सांगा’ म्हणून, तर ही तक्रार नक्की करा.

ताईच्या हिशेबात एक हप्ता भरून झालाय, म्हणजे ४५,००० बाकी आहेत. कोचने ४४,२५० थेट एनबीएफसीला परत केले आणि तिने वरचे ७५० भरले, की कर्ज बंद. तिच्या खिशातून गेले ९,००० अधिक ५,००० अधिक ७५०, म्हणजे बरोबर १४,७५०. हिशेब जुळला. म्हणून मेलमध्ये स्पष्ट लिहा, की रिफंड आधी कर्जखात्यात जमा करा आणि मला ‘नो ड्यूज’ पत्र द्या. हे लिहिलं नाही तर रिफंड होऊनही कर्ज चालूच राहिल्याचा गोंधळ होतो.

पैसे क्रेडिट कार्डने भरले असतील तर वाट वेगळी आहे. बँकेकडे ‘सेवा मिळाली नाही’ किंवा ‘सांगितल्याप्रमाणे नाही’ या कारणावर व्यवहाराचा डिस्प्यूट टाकता येतो. त्याला ठरावीक दिवसांची मुदत असते, म्हणून विक्रेत्याच्या ‘बघतो, कळवतो’मध्ये महिने घालवू नका. यूपीआय ऑटोपे लावून दिला असेल तर तो मॅन्डेट तुमच्या अ‍ॅपमधून तुम्हीच रद्द करू शकता.

मेल कसा लिहायचा

फोनवर बोलणी करू नका. फोनवर समोर प्रशिक्षित सेल्समन असतो, त्याला तुमच्या प्रत्येक वाक्याचं उत्तर पाठ असतं. ‘ताई, विनर्स कधी क्विट करत नाहीत’ इथून सुरुवात होते. बोलणं झालंच तर नंतर ‘आज फोनवर आपलं असं ठरलं’ म्हणून मेल टाका. मेल साधारण असा असावा:

> विषय: प्रोग्राम रद्द करणे व रकमेची परतफेड, इनव्हॉइस क्र. ___
>
> मी दि. ___ रोजी आपल्या १२ आठवड्यांच्या प्रोग्रामसाठी रु. ५९,००० भरले. विक्रीच्या पेजवर (प्रत जोडली आहे) ३० जणांची बॅच, आपले साप्ताहिक लाइव्ह क्लास, महिन्याला दोन वैयक्तिक कॉल आणि लिस्टिंगसाठी मदत देण्याचे कबूल केले होते. आजपर्यंत बॅचमध्ये ४०० सदस्य आहेत, तीनपैकी दोन क्लास आपण घेतलेले नाहीत, एकही वैयक्तिक कॉल झालेला नाही (स्क्रीनशॉट जोडले आहेत).
>
> ही सेवेतील त्रुटी असल्याने मी आजपासून नोंदणी रद्द करत आहे. न मिळालेल्या ९ आठवड्यांचे रु. ४४,२५० या मेलपासून १५ दिवसांत माझ्या कर्जखाते क्र. ___ मध्ये जमा करून लेखी कळवावे. आपली ‘नो रिफंड’ अट त्रुटीयुक्त सेवेला लागू होत नाही. मुदतीत उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन व जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करेन.

बस्स, एवढंच. शिव्या नाहीत, ‘तुमची वाट लावतो’ नाही, पोलिसांची धमकी नाही. हाच मेल उद्या आयोगासमोर जाणार आहे असं समजून लिहा. आणि या टप्प्यावर फेसबुकवर ‘फ्रॉड’ म्हणून पोस्ट टाकायचा मोह आवरा. तुमचा साधा मुद्दा बाजूला राहतो आणि समोरच्याला बदनामीची नोटीस पाठवायला आयतं निमित्त मिळतं.

पंधरा दिवसांनी काय?

बऱ्याचदा या काळात एखादी ऑफर येते. ‘रिफंड नाही, पण आमचा दुसरा कोर्स फ्री देतो’ किंवा ‘पुढच्या बॅचमध्ये घेतो’. ज्याची पहिली सेवाच नीट मिळाली नाही, त्याच्याकडून दुसरी घेण्यात अर्थ नाही. पैशात ऑफर आली तर विचार करा. ताईला कुणी ३५,००० लेखी कबूल करून पंधरवड्यात देत असेल, तर मी म्हणेन घे आणि मसाल्याच्या कामाला लाग. नऊ हजारांसाठी वर्षभर मनात ओझं ठेवणं महाग पडतं. फक्त ‘फुल अँड फायनल’वर सही पैसे जमा झाल्यावरच करायची, आधी नाही.

काहीच उत्तर नाही आलं, तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, किंवा consumerhelpline.gov.in वर तक्रार नोंदवा. पैसे लागत नाहीत. ते तक्रार कंपनीकडे पाठवून उत्तर मागतात. हेल्पलाइन हे न्यायालय नाही, ती आदेश देऊ शकत नाही. पण सरकारी यंत्रणेकडून विचारणा आली की अनेक विक्रेत्यांची ‘पॉलिसी’ अचानक मऊ होते.

तिथेही नाही सुटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार e-jagriti.gov.in वरून ऑनलाइन दाखल होते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील लावायलाच हवा असं नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कोच गुरुग्रामचा असो की बेंगळुरूचा, ताईला सांगलीतच तक्रार करता येते. तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथे दाखल करण्याचा हक्क २०१९ च्या कायद्यानेच दिला आहे.

इथे दोन सापळे आहेत. एक, समोरचा म्हणेल, ‘हा ग्राहकच नाही, याने व्यापारासाठी कोर्स घेतला.’ व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा या कायद्यातून वगळली आहे, आणि आपल्यासारख्या छोट्या उद्योजकांवर हा आक्षेप हमखास येतो. न्यायालयं यात सेवा घेण्यामागचा मुख्य हेतू बघतात. म्हणून तक्रारीत सुरुवातीलाच लिहा, की हा कोर्स मी स्वतः शिकण्यासाठी, स्वयंरोजगारातून माझा चरितार्थ चालवण्यासाठी घेतला. कोर्स कंपनीच्या नावाने, दहा कर्मचाऱ्यांसाठी घेतला असेल तर मात्र ही वाट अवघड आहे.

दोन, तक्रारीचा सगळा भर ‘ही अट अन्यायकारक करार आहे’ यावर ठेवू नका. फक्त अन्यायकारक कराराच्या तक्रारी ऐकण्याचा अधिकार कायद्याने राज्य आयोगापासून वर दिला आहे. जिल्ह्यात तुमचा पाया ‘सेवेतील त्रुटी’ आणि ‘अनुचित व्यापार प्रथा’ हाच ठेवा.

‘आम्ही शिक्षण देतो, शिक्षण ही सेवा नाही’ असाही बचाव येऊ शकतो. विद्यापीठं आणि मान्यताप्राप्त संस्थांबाबत तो वाद जुना आहे. पण राष्ट्रीय आयोगाने जानेवारी २०२० मध्ये मनू सोलंकी प्रकरणात कोचिंग संस्था त्या सवलतीत बसत नाहीत असं स्पष्ट केलं.

वेळेबद्दल खोटी आशा देत नाही. कायद्यात तीन महिन्यांत निकाल अपेक्षित आहे, प्रत्यक्षात जास्त लागतात. म्हणून तर म्हणतो, पहिला मेलच असा लिहा की प्रकरण तिथेच मिटेल.

आता टेबलाची दुसरी बाजू

तुमच्यातले बरेच जण उद्या स्वतः काहीतरी शिकवणार आहात. बेकिंग, शेअर, शिलाई, डिजिटल मार्केटिंग. तेव्हा दुसऱ्याच्या पेजवरून ‘नो रिफंड’ कॉपी-पेस्ट करू नका. खर्च सगळ्यांना असतो, जाहिरातीचा, झूमचा, माणसांचा, हे मला मान्य. पण एवढं लिहिता येतंच: पहिल्या क्लासनंतर ७ दिवसांत सोडलं तर इतके टक्के परत, त्यानंतर उरलेल्या आठवड्यांच्या प्रमाणात, अर्ध्यानंतर काही नाही. ही अट पेमेंटच्या बटणाजवळ, मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात लिहा. आणि ‘फक्त ३ सीट शिल्लक’ असं खोटं काउंटर लावू नका. नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये अशी खोटी घाई थेट नावानिशी आली आहे.

असं धोरण ठेवलं तर चार जण सोडून जातील हे खरं. पण ते चार जण तसेही शिकणार नव्हते. त्यांना कोंडून ठेवल्याने मिळालेली फी आणि त्यांनी गावभर सांगितलेला अनुभव, यात कुठलं जास्त महाग पडतं हा हिशेब प्रत्येकाने स्वतः करावा.

सध्या तुमचा एखादा कोर्स अडकला असेल, तर आज रात्री एकच काम करा: विक्रीचं पेज आणि इनव्हॉइस शेजारी उघडा, काय कबूल केलं आणि काय मिळालं याच्या दोन रांगा कागदावर करा. दुसरी रांग खरंच छोटी असेल, तर मेल उद्या सकाळी गेला पाहिजे.